जंबो बॅगेतली एक मूठ



मागच्या महिन्यात खालच्या चोपण रानात जिप्सम विस्कटतानाचा फोटो टाकला होता. त्याखाली चार-पाच जणांनी विचारलं, "जिप्सम तपासून घेतलं का? नमुना कसा काढला?" उत्तर दोन ओळीत देता येईना. कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय पद्धत सांगून उपयोग नाही. आज पावसानं उघडीप दिली नाही, घरातच आहे, तर बैजवार लिहितो.

आमचं खालचं तीन एकर रान कृष्णाकाठच्या पट्ट्यातलं. पाणी मुबलक, त्यात वर्षानुवर्षं ऊस, आणि निचरा नाही. व्हायचं तेच झालं. वरनं पाणी दिलं की दोन-दोन दिवस जिरत नाही, वाळलं की जमीन दगडासारखी, उसाला फुटवे नाहीत. माती तपासली तर सामू ८.९ आणि सोडियम जास्त. म्हणजे चोपण. मातीच्या प्रयोगशाळेनं सांगितलं, चर काढून निचरा करा आणि एकरी दीड टन शुद्ध जिप्सम घाला. यातला 'शुद्ध' हा शब्द महत्त्वाचा. बाजारात शंभर टक्के शुद्ध जिप्सम कुणी देत नाही. खाणीतून येतं, त्यात वाळू, चुनखडी, माती असते. शेतीच्या जिप्समला निदान ७० टक्के शुद्धता धरतात.

पलीकडच्या गावचा एक पोरगा राजस्थानातलं खाणीचं जिप्सम दळून आणतो. त्याचा बाप माझ्या वर्गात होता. पोरगा म्हणाला, "काका, पंचाहत्तर टक्के माल आहे." हिशोब सरळ होता. तीन एकराला साडेचार टन शुद्ध पाहिजे, पंचाहत्तर टक्क्यानं सहा टन होतात. सहा जंबो बॅगा मागवल्या, एक टनाची एक. निम्मे पैसे दिले, निम्मे रिपोर्ट आल्यावर देतो म्हणालो. जेसीबीनं उतरवून गोठ्याजवळच्या शेडमध्ये ठेवून घेतल्या.

आता माझी चूक. एका बॅगेचं तोंड सोडलं, कडेला हात घातला, दोन मुठी पावडर प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि प्रयोगशाळेत पाठवून दिली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गंधक १०.४ टक्के.

गंधकावरून शुद्धता कशी काढतात ते सांगतो, सोपं आहे. पूर्ण शुद्ध जिप्सममध्ये गंधक १८.६ टक्के असतं. आपल्या रिपोर्टातल्या गंधकाला १८.६ नं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. १०.४ चे झाले ५६ टक्के. म्हणजे सहा टनात शुद्ध माल साडेतीन टनसुद्धा नाही. एक टनाच्या वर तूट!

माझं डोकं फिरलं. फोन करून विचारायचं सोडून रिपोर्टाचा फोटो काढला आणि आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "पंचाहत्तर सांगून छप्पन्न. सावध राहा." दीडशे माणसांचा ग्रुप. संध्याकाळपर्यंत तिघांनी त्याच्याकडच्या ऑर्डरी थांबवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा दारात. मला वाटलं भांडायला आला. गडी भांडला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "काका, नमुना कुठून घेतला?" मी म्हणालो, "बॅगेतून, आणि कुठून?" तो म्हणाला, "बॅगेत कुठून?"

मला पुढं बोलता येईना.

योगायोगानं त्या आठवड्यात आमच्या मंडळींचे धाकटे भाऊ मुक्कामाला आले होते. चंद्रपूरकडं एका सिमेंट कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं नमुने काढायचं काम केलं, आता निवृत्त आहेत. सिमेंटमध्ये पण जिप्सम घालतात, त्यामुळं ट्रकच्या ट्रक जिप्सम त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "दाजी, घरात पिठाची चाळण आहे का?"

शेडमध्ये गेलो. मी जिथून मूठ काढली होती तिथनंच, बॅगेच्या वरून कडेची एक मूठ त्यांनी घेतली आणि चाळली. चाळणीत बाजरीएवढे, ज्वारीएवढे दाणे बरेच राहिले. मग हात कोपरापर्यंत खुपसून मधली, खालची एक मूठ घेतली. ती जवळजवळ सगळी खाली गेली, चाळणीत मोजून पाच-सहा दाणे.

मग ते वरचे जाड दाणे त्यांनी फरशीवर मांडले. म्हणाले, "नखानं ओरखडा काढून बघा." जिप्सम इतकं मऊ असतं की नखानं त्यावर रेघ उठते. बहुतेक दाण्यांवर नख नुसतं घसरलं, रेघ उठली नाही. काहींवर बाथरूम धुवायच्या ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसले, म्हणजे ती चुनखडी. बाकीचे कडक वाळूचे खडे. नखाची रेघ उठली असे दाणे थोडेच निघाले.

मेव्हण्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. चक्कीत जिप्सम आणि खडे एकत्र दळले जातात. मऊ असल्यामुळं जिप्समची पिठासारखी भुकटी होते. वाळू आणि चुनखडी कडक, ती जाड राहते. म्हणजे या मालात जाड दाणा म्हणजे बहुतेक भेसळ आणि बारीक भुकटी म्हणजे बहुतेक जिप्सम. आता हा माल वरून बॅगेत पडतो तेव्हा आत ढीग होतो. ढिगाचं काय होतं ते आपण खळ्यावर बघितलेलं आहे. राशीवर वरनं धान्य ओतलं की मोठं ढेकूळ घरंगळत कडेला येतं, बारीक मधेच बसतं. बॅगेत पण तसंच, जाड कडेला आणि बारीक मधे. नंतर ट्रकमध्ये आठशे-हजार मैल हादरे. हादऱ्यानं बारीक फटीतून खाली झिरपतं, जाड वर राहतं. आमची मंडळी दारातून ऐकत होती, ती म्हणाली, "चिवड्याच्या डब्यात तळाला मीठ-मसाला उरतो तसंच की!" अगदी तसंच.

मग मी मूठ कुठून काढली होती? वरून आणि कडेनं. जिथं भेसळ गोळा झाली होती बरोबर तिथनं. आणि हेही लक्षात घ्या, मी जर मधे खोल हात घातला असता तर रिपोर्ट कदाचित ऐंशी टक्के आला असता. मी खूश होऊन ग्रुपवर त्याचं कौतुक केलं असतं आणि तेही तितकंच खोटं ठरलं असतं.

प्रयोगशाळेची यात काही चूक नाही. त्यांनी दिलेल्या पिशवीचंच उत्तर दिलं. तिथं काचेच्या भांड्यात प्रत्यक्ष तपासायला जातं ते एक ग्रॅमच्या आसपास. एक टनाच्या बॅगेचं एका ग्रॅमवर ठरतं, म्हणजे दहा लाखातला एक भाग. तो एक ग्रॅम सगळ्या बॅगेचा झाला पाहिजे.

मेव्हणे म्हणाले, "चला, तुम्ही दोघं समोर असतानाच काढू." पोरगा थांबला. ही गोष्ट मला आवडली. नमुना एकट्यानं काढला की दुसरा कधी मानत नाही.

काम आम्ही शेडमध्येच केलं, उघड्यावर नाही. वारा असला की आधी बारीक भुकटी उडते, आणि इथं भुकटी म्हणजेच जिप्सम. फरशी झाडून त्यावर न फाटलेली ताडपत्री टाकली. फाटक्या ताडपत्रीच्या भोकातून पण बारीकच खाली जातं.

पहिला प्रश्न, एक टनातून सुरुवातीचा ढीग कसा काढायचा? सगळ्या टनाचा ढीग करणं झेपत नाही. जिप्सम तसंही रानात न्यायचंच होतं, म्हणून बॅग जेसीबीला टांगली आणि खालच्या नळीची दोरी सोडून घमेल्यानं रिकामी करायला लागलो. दर पाचवं घमेलं ताडपत्रीवर, बाकीची ट्रॉलीत. पहिलं कुठलं घ्यायचं हे आपल्या मनानं ठरवायचं नाही, म्हणून एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. नातवानं उचलली, तीन नंबर आला. मग तिसरं, आठवं, तेरावं असं करत शेवटपर्यंत. अठरा किलोच्या आसपास एक घमेलं, बॅगेत पंचावन्न घमेली निघाली, त्यातली अकरा ताडपत्रीवर आली. म्हणजे दोनशे किलोला थोडं कमी.

इथं दोन गोष्टी सांभाळायच्या. घमेलं घेतलं की पूर्ण ताडपत्रीवर ओतायचं. त्यातनं वरचा एक मग काढून घेतला तर पुन्हा वरची मूठच झाली. दुसरं, बॅग अर्धी झाली की थांबायचं नाही. खालची नळी सोडली की आधी मधला माल येतो, कडेचा शेवटी घसरतो. आमच्या शेवटच्या सात-आठ घमेल्यात खडे डोळ्याला दिसत होते. कंटाळून चाळीसला थांबलो असतो तर खडेच सुटले असते आणि पोरगा फुकट पास झाला असता.

आता ढीग आणि चार भाग. मातीचा नमुना काढताना आपण सगळे हे करतो. ढीग, चार भाग, समोरासमोरचे दोन काढून टाका, अर्धा किलो राहीपर्यंत. कृषी खात्याच्या पत्रकात पण आहे. पण मी आजवर ते कसं करायचो? हातानं एक ढीग, बोटानं फुली, दोन भाग ढकलून दिले, संपलं. मेव्हण्यांनी जसं केलं ते बघून मला माझ्या जुन्या मातीच्या रिपोर्टांवरही शंका यायला लागली.

दोनशे किलो माल एका जागी होता. त्यांनी शेजारी ताडपत्रीवर खडूनं एक खूण केली. दोघांनी समोरासमोर उभं राहून फावड्यानं माल त्या खुणेवर टाकायचा. प्रत्येक फावडं बरोबर टोकावर. टोकावर पडलं की माल चारी बाजूंनी सारखा घसरतो. बाजूला पडलं की ढिगाचा मध्य सरकतो आणि एका अंगाला जाड जास्त जातं. जुन्या ढिगाच्या कडेनं फिरत फिरत माल उचलायचा, एकाच बाजूनं खणत जायचं नाही. असा ढीग एकदा नाही, तीनदा केला. या जागेवरून त्या जागेवर, परत या जागेवर. दर वेळी शेवटी कुंचल्यानं ताडपत्री झाडून ती भुकटी पण टोकावर टाकायची. मला ते उगाच वाटत होतं. ते म्हणाले, "दाजी, ताडपत्रीला चिकटलंय तेच तर तुमचं जिप्सम."

मी विचारलं, ढीग केला की जाड कडेला घरंगळणारच ना, मग मिसळलं कसं? हा प्रश्न बरोबर होता असं ते म्हणाले. ढिगात जाड-बारीक वेगळं होतंच, ते टळत नाही. पण टोक मधोमध असलं तर जाड दाणा चारी बाजूंना सारखा घरंगळतो. मधे बारीक, कडेला गोल रिंगण जाडाचं. भाकरी मधोमध चार तुकडे केली की प्रत्येक तुकड्याला मऊ मध्य पण येतो आणि कड पण येते, तसं. सगळा खेळ मधोमध कापण्याचा आहे. कड नुसती काढून घेतली तर फसलात, मध्य नुसता घेतला तरी फसलात.

शेवटच्या ढिगावर त्यांनी एक सपाट फळी टोकावर ठेवली आणि दाबत थोडी थोडी फिरवली. ढीग सगळीकडून सारखा पसरला, थाळीसारखा झाला, चार-पाच बोटं जाडीचा. फावड्यानं एका बाजूला ओढून सपाट करायचं नाही, मध्य हलतो. मग दोन लाकडी फळ्या उभ्या खुपसून मध्यातून फुली पाडली. चार भाग झाले. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला. शेजारशेजारचे का नाही? समजा हात थोडा चुकला आणि पूर्वेला जाड जास्त गेलं. शेजारचे दोन्ही पूर्वेचे घेतले तर चूक पूर्ण पदरात. समोरासमोरचे घेतले तर एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा, चूक बरीचशी फिटते. कुठली जोडी ठेवायची याला पण नाणं उडवलं. बाजूला केलेल्या भागाखालची भुकटी कुंचल्यानं त्याच्याबरोबरच न्यायची, ती आपल्या भागात येता कामा नये.

दोनशेचे शंभर झाले. एरवी बाजूची जोडी रानात टाकतात. पण मेव्हण्यांनी ती वेगळ्या ताडपत्रीवर ठेवायला सांगितली. का ते पुढं सांगतो.

मग परत तेच. ढीग, तीनदा, फळी, फुली. शंभरचे पन्नास, पन्नासचे पंचवीस, पंचवीसचे बारा, बाराचे सहा. जसजसा माल कमी तसतसं अवजार लहान. शेवटी फावड्याऐवजी पत्र्याचा डबा कापून केलेलं सुपडं वापरलं.

सहा किलोला त्यांनी थांबवलं. इथून पुढं नुसतं अर्धं करत जायचं नाही. कारण आता माल थोडा राहिलाय आणि ज्वारीएवढा खडा तेवढाच मोठा आहे. दोनशे किलोत चार खडे इकडचे तिकडे झाले तर काही बिघडत नाही. अर्ध्या किलोत तेच चार खडे आकडा हलवतात, आणि एक ग्रॅममध्ये एक खडा आला तर रिपोर्टच पालटतो. म्हणून सहा किलो सगळं चाळलं आणि चाळणीवर राहिलेलं गोठ्यातल्या जुन्या पाट्यावर वरवंट्यानं वाटलं. वाटलेलं परत चाळायचं, राहिलेलं परत वाटायचं, एकही खडा उरेपर्यंत सोडायचं नाही. माझा हात दोन कडक खडे फेकून द्यायला गेला होता. मेव्हण्यांनी मनगट धरलं. बरोबरच आहे, ते खडे मी पैसे देऊन घेतलेत, ते नमुन्यात आलेच पाहिजेत. वाटायला दीड तास गेला. माझे खांदे दोन दिवस धरले होते.

मग सगळं एकजीव बारीक. पुन्हा ढीग-फुली, सहाचे तीन, तीनचे दीड. दीड किलोचे अर्ध्या अर्ध्या किलोचे तीन भाग. हे तीन भाग पण वरनं ओंजळीनं भरायचे नाहीत. एकेक चमचा आळीपाळीनं तीन पिशव्यांत टाकत गेलो. एक प्रयोगशाळेला, एक पोराला, एक माझ्याकडं. दुहेरी पिशवी, आत चिठ्ठी, बाहेर चिठ्ठी, बॅग नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. नमुना उन्हात किंवा तव्यावर वाळवायचा नाही हेही त्यांनी बजावलं. जिप्समच्या अंगातच वजनाच्या वीस-एकवीस टक्के पाणी असतं, तापवलं की ते निघून जातं, वजन घटतं आणि गंधकाचा टक्का फुगून दिसतो.

आता ती बाजूला ठेवलेली शंभर किलोची जोडी. तिच्यावर पण हेच सगळं वेगळं केलं आणि दुसरा नमुना काढला. एकाच ढिगाचे दोन अर्धे. आपण काम नीट केलं असेल तर दोन्हीचे आकडे जवळजवळ आले पाहिजेत. लांब आले तर समजायचं ढीग वाकडा झाला होता किंवा भुकटी सांडली, आणि मग मालाबद्दल काही बोलायचं नाही, परत करायचं. आपल्या हाताची ही परीक्षा मला सगळ्यात पटली. खर्च एका टेस्टचा वाढतो, पण पहिल्यांदा करताय तर कराच.

आणि एका बॅगेवरून सहा बॅगांचं कसं सांगणार? म्हणून चिठ्ठी टाकून आणखी एक बॅग निवडली आणि दुसऱ्या दिवशी तिचा नमुना काढला. उरलेल्या चार तपासल्या नाहीत, ते खरं. त्यांचा अंदाजच.

तिन्ही पिशव्या त्याच प्रयोगशाळेत गेल्या. पहिल्या बॅगेचे दोन अर्धे, गंधक १३.५ आणि १३.७. दुसरी बॅग १३.४. म्हणजे शुद्धता ७२ ते ७४ च्या मधे. आणि माझ्या मुठीचा आकडा त्याच बॅगेचा, ५६!

पोरानं पंचाहत्तर सांगितले होते, मिळाले त्र्याहत्तर. सहा टनात शुद्ध माल साडेचारच्या ऐवजी ४.३८ टन. एकरी चाळीस किलोची तूट. त्यावर मी वाद घातला नाही, पुढच्या वेळी बहात्तर-त्र्याहत्तर सांग एवढंच म्हणालो. छप्पन्न धरून चाललो असतो तर दोन टन आणखी मागवले असते, तेही दुसऱ्याकडून, आणि त्याचा नमुना पण मी कडेनंच काढला असता.

ग्रुपवर तिन्ही रिपोर्ट टाकले. पहिल्या रिपोर्टाखाली जे लिहिलं होतं ते खोडलं नाही, तसंच ठेवलं आणि त्याला जोडूनच लिहिलं की माल चुकीचा नव्हता, माझा नमुना चुकीचा होता. लिहायला अर्धा तास लागला. पहिला मेसेज लिहायला अर्धा मिनिट लागला होता. ज्या तिघांनी ऑर्डरी थांबवल्या होत्या त्यातल्या दोघांनी परत दिल्या. तिसऱ्यानं दुसरीकडून घेतलं, त्याचं नुकसान पोराला झालंच. मी उरलेले पैसे त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन दिले. त्याचा बाप ओसरीवर बसला होता. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बस, जेवून जा."

करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी राहिल्या. माल ओला असेल, हाताला चिकटत असेल, गोळे होत असतील तर ही पद्धत नीट चालत नाही. टोकावर टाकलेलं घसरतच नाही, जिथं पडेल तिथं बसतं. आधी सावलीत पसरून गोळे फोडून घ्या. पन्नास किलोची पोती असतील तर सगळं ओतायची गरज नाही. व्यापारी पोत्यात खुपसतात ती पन्हळीची सळई वापरून, पोतं आडवं करून कोपऱ्यातून तिरकी आरपार घालून, दहा-बारा पोत्यांतून थोडं थोडं काढा आणि त्या सगळ्याचा एक ढीग करून पुढं हेच करा. सळई नुसती तोंडाशी घातली तर माझीच मूठ होईल.

दुकानातल्या खताबद्दल कायद्यानं तक्रार करायची असेल तर आपण घरी काढलेला नमुना चालत नाही. तो कृषी खात्याच्या खत निरीक्षकानंच काढावा लागतो. पण तो काढत असताना तुम्ही समोर उभे राहू शकता. ढीग कसा करतात, कुठले दोन भाग उचलतात, एवढं बघायला आता येईल.

प्रयोगशाळेत रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी एक यंत्र दाखवलं. लोखंडी पेटी, आत एकाआड एक उलट्या बाजूला जाणाऱ्या पन्हळी. वरनं माल ओतला की खाली दोन ट्रेमध्ये निम्मा निम्मा पडतो. त्या म्हणाल्या की ढीग-फुलीपेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण माणसाचा हात वाकडा जायची भीती नाही. आमच्या गावात कुणी वेल्डिंगवाला असं करून देईल का बघतोय. पन्हळीची रुंदी सगळ्यात मोठ्या खड्याच्या तिप्पट तरी पाहिजे, नाहीतर अडकतं, असं मेव्हण्यांनी फोनवर सांगितलं.

जिप्सम मे महिन्यात विस्कटलं आणि वरच्या थरात मिसळून घेतलं. चर आधीच काढले होते. आता पाऊस चांगला लागलाय, चरातून पाणी गढूळ येतंय. माझ्या वाट्याची अर्ध्या किलोची पिशवी सह्यांसकट देवळीत ठेवलीय. दिवाळीनंतर परत माती तपासणार आहे, तिचा पण नमुना या वेळी ताडपत्रीवर.